लग्नानंतरचा त्यांचा पहिला वाढदिवस

ठरवून झालेल्या लग्नात नवऱ्याबद्दलची जी माहिती सगळ्यात आधी हाती येते, तिच्यात त्याची जन्मतारीख असते. बायोडेटावर नावाखालोखाल जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ लिहिलेले असते. रास, नक्षत्र, नाडी, गण, देवक आणि मामाचे कूळ त्यानंतर येतात. पत्रिका जुळवणाऱ्याला जन्मवेळ लागतेच, कारण तिच्यावरून जन्मनक्षत्र निघते आणि छत्तीस गुणांचा हिशेब नक्षत्रावरून होतो. त्यामुळे मुलाचा जन्म पहाटे पाच चाळीसला साताऱ्यात झाला, हे मुलीच्या घरी कांदेपोह्यांच्या आधीच माहीत असते. वाढदिवसाला त्याला केक आवडतो की शिरा, मित्रांचा गोंगाट हवा असतो की दिवस तसाच गेलेला बरा वाटतो, हे मात्र लग्न होऊन दोन महिने झाले तरी ठाऊक नसते. नव्या बायकोने नवऱ्याला लिहायचा पहिला शुभेच्छा संदेश याच अवस्थेत लिहिला जातो. तारीख पाठ असते आणि माणसाची ओळख अजून व्हायची असते.

हा दिवस बहुधा फार लवकर येतो, कारण लग्नांचा हंगाम ठरलेला आहे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की साधारणपणे थांबतात. शाळांच्या सुट्ट्या, नातेवाइकांची सोय आणि कार्यालयाची तारीख बघता पुष्कळ लग्ने एप्रिल-मे महिन्यांत होतात. जून ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या नवऱ्याचा वाढदिवस मग लग्नानंतर काही आठवड्यांतच येऊन ठेपतो. त्यातही आषाढात आला, तर आणखी एक गोष्ट घडते. अनेक घरांत नव्या सुनेला पहिल्या आषाढात माहेरी पाठवतात. एरवी एकाच घरात राहणाऱ्या माणसाला सकाळी चहा देताना तोंडाने शुभेच्छा देता येतात, लिहायची गरज उरत नाही. आषाढात माहेरी गेलेल्या मुलीला लिहावेच लागते. या प्रकारच्या लेखनाची सगळी अडचण आणि सगळी गंमत अशा संदेशात दिसते, म्हणून पुढचे उदाहरण त्याचेच घेतले आहे.

समजा, मुलगी कराडची आहे. लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात झाले. नवरा चाकणच्या एका कारखान्यात आहे, घर चिंचवडला, घरात सासू-सासरे. साखरपुडा फेब्रुवारीत झाल्यामुळे लग्नाआधी तीन महिने फोनवर बोलणे झाले होते. त्यातले बरेचसे कार्यालय, शालू आणि पाहुण्यांची यादी यांत गेले. लग्नानंतर कुलदैवताला म्हणून जेजुरीला जाणे झाले, चार दिवस महाबळेश्वरला जाणे झाले, आणि मग त्याच्या शिफ्टच्या पाळ्या सुरू झाल्या. जुलैमध्ये ती माहेरी आली. वाढदिवस जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी आहे आणि त्याला त्या दिवशी सेकंड शिफ्ट आहे.

लिहायला बसल्यावर पहिला प्रश्न मजकुराचा नसतो, संबोधनाचा असतो. मराठीत तो टाळता येत नाही. नाव गाळले, ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ हा शब्दही गाळला, तरी क्रियापद बोलून जाते. ‘जेवलास का’ आणि ‘जेवलात का’ यांतून निसटायला वाट नाही. आजच्या अनेक जोडप्यांमध्ये दोन्ही रूपे चालू असतात: खोलीत ‘तू’ आणि नाव, सासू-सासऱ्यांसमोर ‘अहो’ आणि ‘हे’. काही घरांत लग्नाआधी फोनवर सुरू झालेला ‘तू’ उंबरठा ओलांडल्यावर ‘तुम्ही’ होतो आणि पुन्हा कधी ‘तू’ व्हायचा ते दोघांनाही कळत नाही. ज्या समाजात नवऱ्याचे नाव उखाण्यातच घ्यायचे असे आणि एरवी ‘इकडून’, ‘तिकडून’ यांवर भागवायचे असे, तिथे हा गोंधळ आश्चर्याचा नाही.

यात धरून ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच, की दोघे एकटे असताना तोंडात जे रूप असते तेच लिहावे. जवळीक दाखवण्यासाठी संदेशात पहिल्यांदाच ‘तू’ लिहिले, तर वाचणाऱ्याचे लक्ष शुभेच्छेवरून उडून त्या ‘तू’वर जाते. उत्तर ‘तू’ने द्यायचे की ‘तुम्ही’ने, या विचारात तोही अडकतो. उलट रोजचा ‘तू’ सोडून ‘आपणांस’ लिहिले, तर संदेश पतपेढीच्या अध्यक्षांना पाठवल्यासारखा होतो. आपल्या उदाहरणातली मुलगी ‘अहो’ म्हणते, एकांतातही. तिने ‘अहो’च लिहावे. त्या ‘अहो’त दुरावा आहे असे मानायचे कारण नाही, तिच्या तोंडी तो आताशा सवयीचा झाला आहे आणि त्याला तिचा आवाज त्याच शब्दातून ओळखू येतो.

संबोधन ठरल्यावर मजकूर. इथे बहुतेक जणी तयार संदेश शोधतात, आणि तयार संदेशांचा पहिला दोष हाच असतो की त्यांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकत्र नांदतात. ‘तुम्ही माझ्या आयुष्यात आलात’ असे सुरू होऊन ‘तुझ्या प्रत्येक स्वप्नाला’ असे संपते. उसना मजकूर ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. दुसरा दोष मापाचा. हे संदेश लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वीस वर्षांचा संसार असतो. सुखदुःखात दिलेली साथ, प्रत्येक वळणावर धरलेला हात, तुमच्याशिवाय जगण्याची कल्पनाही न करवणे, साताजन्मांची गाठ हे सगळे त्यात येते. अकरा आठवड्यांच्या संसारात वळणे अजून आलेलीच नसतात. वाचणारा नवरा काही बोलणार नाही, पण हे आपल्याबद्दल नाही एवढे त्याला कळते. तिसरा प्रकार चौकातल्या फलकांच्या भाषेचा: मनमिळाऊ, दिलदार, कर्तबगार व्यक्तिमत्त्व. ती भाषा इतक्या लोकांसाठी वापरून झाली आहे की तिच्यात कोणाचाच चेहरा राहिलेला नाही.

मग लिहायचे काय, तर पाहिलेले. ओळख थोडी असली तरी ती शून्य नसते, आणि नव्या घरात आलेली मुलगी सगळे टिपत असते. तिला नुसते आठवायला बसवले तर पंधरा मिनिटांत आठ-दहा गोष्टी निघतात. रात्री साडेबाराला शिफ्टवरून आला की तो बूट दाराबाहेर काढतो आणि हातात घेऊन आत येतो, कारण वडिलांची झोप सावध आहे. पुरणपोळी तुपाशी नाही, दुधाशी खातो. रस्त्यात कोणी पत्ता विचारला तर गाडी बाजूला घेऊन, उतरून सांगतो. चहा अर्धा कपच घेतो, पण तीनदा. आईने काही काम सांगितले की आधी ‘हो’ म्हणतो आणि मग विसरतो. जेजुरीला नवरा नव्या नवरीला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढतो. तिथे सगळे नातेवाईक टाळ्या वाजवायला आणि फोटो काढायला उभे असताना त्याने तिला हळूच विचारले होते, ‘उचललं तर चालेल ना?’

या यादीतून एकच गोष्ट निवडायची असते. सगळ्या घातल्या तर संदेश गुणपत्रक होतो, आणि दोन महिन्यांत आपले एवढे निरीक्षण झाले हे वाचून माणूस थोडा बिचकतोही. निवडीची कसोटी अशी लावता येते: ती गोष्ट त्याने स्वतःहून केलेली असावी, तिच्यात तिचा काही संबंध असावा, आणि तिने ती पाहिली हे त्याला बहुधा माहीत नसावे. पुरणपोळी आणि चहा या सवयी आहेत, त्यांचे कौतुक करण्यासारखे काही नाही. विसरण्याची गोष्ट गमतीची आहे, पण थट्टा कितपत चालते हे अजून कळलेले नाही, म्हणून तीही नको. पत्ता सांगण्याची गोष्ट चांगली आहे, फक्त तिच्यात ती स्वतः कुठे नाही. बूट हातात घेण्याची गोष्ट सुंदर आहे, पण ती वडिलांबद्दलची आहे. जेजुरीचा प्रश्न सगळ्या बाजूंनी बसतो. तो तिलाच विचारलेला होता, गर्दीत कोणाला ऐकू गेला नव्हता, आणि ती त्यावर नुसती मान हलवून गप्प बसली होती. त्यामुळे तिला तो आवडला, हे त्याला आजही ठाऊक नाही.

तिचा पहिला खर्डा साधारण असा होतो: ‘माझ्या आयुष्याला अर्थ देणाऱ्या माझ्या प्रिय पतिदेवांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. तुमच्यासारखा जोडीदार मिळणं हे माझं भाग्य आहे. ईश्वर तुमच्या सर्व इच्छा पूर्ण करो.’ यात चूक काही नाही आणि ओळखीचेही काही नाही. हा मजकूर शेजारच्या घरातल्या नवऱ्यालाही पाठवता येईल. हा खर्डा फसला आहे, ते एवढ्यावरूनच कळते.

दुसऱ्या खर्ड्यात बहुधा उलटी चूक होते. पहिला फार औपचारिक झाला म्हणून मनातले सगळे येते: माहेरी करमत नाही, तुम्ही फोनवर दोनच मिनिटे बोलता, लग्नाआधी जास्त बोलायचात, पुढच्या वाढदिवसाला आपण नक्की बाहेरगावी जाऊ, आणि मला तुमच्याकडून एवढेच हवे आहे की. यातले प्रत्येक वाक्य खरे असते, पण शुभेच्छेच्या आत बसवलेली तक्रार शुभेच्छा खाऊन टाकते. वाढदिवस त्याचा आहे आणि मजकूर हळूहळू तिच्याकडे सरकला आहे. तक्रारीची जागा रविवारच्या फोनमध्ये आहे. हे लक्षात आले की अर्धा खर्डा आपोआप गळतो.

तिसऱ्या वेळी जे उरते ते असे:

‘अहो, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. जेजुरीला पायऱ्यांपाशी सगळे हसत होते, तेव्हा तुम्ही हळूच विचारलं होतंत, उचललं तर चालेल ना? ते मला फार आवडलं होतं. तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आज सांगतेय. तुमच्याबद्दल अजून कितीतरी गोष्टी मला माहीत नाहीत. केक कुठला आवडतो तेसुद्धा आईंना विचारावं लागलं. पण जेवढं कळलंय तेवढं छान आहे. आज डबा वेळेवर खा. रविवारी येताय ना? वाट बघतेय.’

यात साठेक शब्द आहेत आणि एका दमात वाचून होतात. कारखान्याच्या बसमध्ये उभ्याने वाचणाऱ्या माणसाला एवढेच पुरते. शुभेच्छा पहिल्याच वाक्यात दिली आहे, त्यामुळे पुढचे बोलणे मोकळे झाले. मधली कबुली, म्हणजे अजून पुष्कळ माहीत नाही हे सांगणे, अनेक जणींना धोक्याचे वाटते. नवऱ्याला वाईट वाटेल, आपण त्याला समजून घेत नाही असा अर्थ निघेल, अशी भीती असते. प्रत्यक्षात तो स्वतः त्याच अवस्थेत असतो. तिचा वाढदिवस आला की त्यालाही तिच्या आईला फोन करावा लागणार असतो. ही कबुली केकच्या साध्या तपशिलाला टांगलेली आहे म्हणून ती हलकी राहते. ‘आपण अजून एकमेकांना ओळखत नाही’ असे नुसते लिहिले असते तर ते जड झाले असते. शिवाय त्या एका वाक्यात सासूबाईंना विचारल्याची वर्दीही जाते, आणि तिची दखल चिंचवडच्या घरात घेतली जातेच.

प्रेम या शब्दाचे काय, हा प्रश्न राहतो. ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’ हे वाक्य मराठीत व्याकरणाने निर्दोष असले तरी घरात फारसे कोणी बोलत नाही. ते रंगमंचावरून आल्यासारखे वाटते. म्हणून तरुण जोडपी ‘लव्ह यू’वर येतात, किंवा लाल बदाम पाठवून सुटका करून घेतात. दोघांमध्ये ते आधीपासून चालत असेल तर शेवटी खुशाल लिहावे. चालत नसेल, तर पहिल्या वाढदिवसाच्या संदेशाने ते सुरू करण्याची घाई नको, कारण त्याला तितक्याच ताकदीने परतफेड करावी लागते आणि तो तयार असेलच असे नाही. वरच्या संदेशात ते काम ‘फार आवडलं होतं’, ‘डबा वेळेवर खा’ आणि ‘वाट बघतेय’ यांनी केले आहे. मराठी घरातली माया बरीचशी जेवणखाणाच्या चौकशीतूनच व्यक्त होत आली आहे. सेकंड शिफ्टच्या दिवशी डब्याची आठवण करून देणारी बायको काय म्हणते आहे, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

संदेश कुठे आणि कधी पाठवायचा, यावर मजकुराइतकेच अवलंबून असते. घराचा व्हॉट्सॲप गट असतो, त्यात सासू-सासरे, नणंद, दीर, चुलतसासरे असे वीस-पंचवीस जण असतात. तिथे वरचा संदेश जाऊ नये. तिथे एका ओळीची शुभेच्छा द्यावी, ‘अहो’ने किंवा नाव न घेता, आणि घरातल्या मोठ्यांच्या शुभेच्छा येऊन गेल्यानंतर द्यावी. काही घरांत या क्रमाचे कोणालाच काही वाटत नाही, काहींत वाटते. पहिल्या वर्षी ते कळलेले नसते, म्हणून थोडे थांबणे सोयीचे. स्टेटसवर दोघांचा फोटो ठेवण्याचा रिवाज आता इतका रुळला आहे की न ठेवला तर विचारणा होते. फोटो ठेवावा, जेजुरीची गोष्ट मात्र स्टेटसला लिहू नये. ती दोघांपुरती आहे म्हणूनच तिला किंमत आहे.

खासगी संदेशही पूर्ण खासगी नसतो, हे ध्यानात ठेवावे लागते. वाढदिवसाच्या दिवशी नवऱ्याचा फोन अनेक हातांतून फिरतो. मावशीचा फोन आला म्हणून आई उचलते, मित्र फोटो बघायला घेतात, आणि बंद पडद्यावरही संदेशाच्या पहिल्या दोन ओळी दिसतात. त्या पहिल्या दोन ओळींत फक्त शुभेच्छा असली की काम झाले. मोठ्याने वाचला गेला तर दोघांपैकी कोणालाही मान खाली घालावी लागेल असे काही त्यात नसावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

वेळेबद्दल शहरात रात्री बाराचा आग्रह असतो. बाराच्या ठोक्याला मित्रांचे फोन येतात, केक कापला जातो, आणि त्या गर्दीत आलेला मोठा संदेश वरवर वाचला जातो. आपल्या उदाहरणात बुधवारचीही सेकंड शिफ्टच आहे. रात्री बाराला तो घरी पोचलेलाही नसतो. बारा वाजता एक ओळ आणि सकाळी उठायच्या सुमारास खरा संदेश, ही विभागणी बरी पडते. सकाळी घरात औक्षण होते. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी असते. कुंकू लावून, अक्षता टाकून, सुपारी-अंगठी ओवाळून मग निरांजनाने ओवाळतात आणि हातावर गोड ठेवतात. घरी असती तर त्या ताटावर तिचाही हात लागला असता. माहेरी असलेल्या बायकोने त्या वेळी व्हिडिओ कॉल केला, तर ओवाळणाऱ्या आईच्या मध्ये आल्यासारखे होते. औक्षण आटोपल्यावर, तो चहाला बसला की फोन करावा.

काही बाबतींत आधी चौकशी करावी लागते. घरात वर्षाच्या आत कोणी गेले असेल तर बऱ्याच कुटुंबांत त्या वर्षी वाढदिवस साजरा करत नाहीत. तेव्हा फुगे, केक आणि स्टेटस यांना फाटा देऊन नुसता शांत संदेश पाठवावा. काही घरांत वाढदिवस तिथीने करतात आणि औक्षण त्याच दिवशी असते. तारीख आणि तिथी क्वचितच एकत्र येतात, त्यामुळे सासूबाईंना ‘यंदा तिथी कधी येते?’ असे विचारून घ्यावे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहून टाकल्याची उदाहरणे आधीच्या पिढीत ढीगभर आहेत, आणि खेड्यांत जन्मलेल्या तिशीतल्या मुलांतही ती सापडतात. अशा माणसाला आधार कार्डावरच्या तारखेला कार्यालयातून शुभेच्छा येतात आणि तो हसून सोडून देतो. इथे मात्र पत्रिका उपयोगी पडते, कारण तिच्यातली तारीख खरी असते. खऱ्या तारखेला आलेला घरचा संदेश त्याच्या लक्षात येतो.

उत्तराची वाट बघणे हा या सगळ्यातला कठीण भाग. तीनदा खरडून, दोन दिवस विचार करून लिहिलेल्या संदेशाला दुपारी ‘थँक यू’ आणि जोडलेले दोन हात एवढेच उत्तर येऊ शकते. ते वाचून मन खट्टू होते, पण त्यावरून काही ठरवू नये. त्या दिवशी त्याने शंभर जणांना हेच दोन शब्द पाठवलेले असतात, आणि बऱ्याच पुरुषांना अशा मजकुराला काय लिहायचे हे सुचत नाही. त्यांना घरात तसे लिहिताना कोणी दिसलेलेच नसते. ‘वाचलंत का? कसं वाटलं?’ असे विचारू नये. संदेश पोचला की नाही, हे त्याच्या पुढच्या वागण्यातून कळते. रविवारी कराडच्या एसटी स्टँडवर उतरल्यावर तो जेजुरीचा विषय स्वतःहून काढेल, किंवा काढणार नाही आणि निघताना आपला आवडता केक कुठला ते सांगून जाईल. नाहीच काही झाले, तर श्रावणात ती परत आली की विचारायला भरपूर वेळ आहे. पहिली मंगळागौर, गणपती आणि दिवाळसण अजून पुढे आहेत, आणि डिसेंबरात तिचा वाढदिवस येतो.